द्वारकाबाईच्या चुन्याच्या फुल्या

माझा मुलगा राजानंद भट्टीत पडला नाही. भट्टीच उठून त्याच्या अंगावर आली.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळईचा एक कारखाना आहे. त्याच्या फाटकाजवळच्या वजनकाट्यावर मी बसतो. राजानंद आत भट्टीवर चार्जर होता. क्रेन भंगार आणून टाकते आणि चार्जर ते लांब दांड्यानं वितळलेल्या लोखंडात ढकलतो. त्याच्यासोबत शिवाजी नावाचा पोरगा काम करायचा. दोघं एका डब्यात जेवायचे.

ऑक्टोबरमधली सकाळ होती. अकरा वाजून गेले होते. मी भंगाराच्या एका ट्रकचं वजन घेत होतो, तेवढ्यात पायाखालची जमीन हलली आणि मंग आवाज आला. भट्टीच्या शेडचे पत्रे वर उडाले. त्या भोकातून लाल लोखंड पावसासारखं वर गेलं आणि खाली आलं. जिथं पडलं तिथं पेटलं. ट्रकचा ड्रायव्हर ट्रकखाली शिरला. मी पळालो ते आतल्या बाजूला.

प्लॅटफॉर्मच्या पायऱ्यांवर शिवाजी बसलेला होता. बसल्याबसल्याच मेला होता. त्याचा शर्ट कुठं संपतो आणि कातडी कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. दोन माणसं जळत इकडून तिकडं पळत होती, एकमेकांवर आदळत होती. भंगार निवडणारी द्वारकाबाई घमेल्यानं त्यांच्यावर सुकी वाळू फेकत होती आणि शिव्या देत होती, "लोळ मुडद्या! पळू नको, लोळ!" तिचे हात कोपरापर्यंत भाजले होते, पण तिला ते कळलं नव्हतं. माझा मुलगा प्लॅटफॉर्मवर आडवा होता. डाव्या पायातला बूट तेवढा शाबूत होता. त्या बुटावरून मी त्याला ओळखलं.

आठ दिवसांनी सरकारी चौकशीचा अहवाल आला. तो मी बोट लावून, ओळ न ओळ वाचला. त्यात लिहिलं होतं की, चार्जर राजानंद यानं निष्काळजीपणानं बंद तोंडाचे शॉकअप भट्टीत टाकले, त्यामुळं स्फोट झाला. मोटारसायकलच्या शॉकअपमध्ये तेल आणि हवा कोंडलेली असते. ते कापल्याशिवाय भट्टीत गेले की बॉम्बसारखे फुटतात. हे भट्टीवरच्या प्रत्येक माणसाला माहीत असतं. माझ्या मुलाला तर पक्कं माहीत होतं. अहवालाखाली सुपरवायझर आदिनाथचा जबाब होता आणि द्वारकाबाईचा अंगठा.

मी तिच्या घरी गेलो. दोन्ही हातांना पट्ट्या बांधून ती बाजेवर पडली होती.

"दादा, त्या आदिनाथनं दवाखान्यात कागद आणला," ती म्हणाली. "म्हन्ला, रजेचा अर्ज हाय. माझ्या अंगठ्याला तेवढी कातडी उरल्ती, तीच त्यानं शाईत बुडवली."

"खरं काय झाल्तं?"

"मी शॉकअप निवडून बाजूला काढले. अकरा. चुन्यानं फुल्या मारल्या. राजूनं बगितलं आन म्हन्ला, मावशी, कापल्याबिगर मी हे घेत न्हाई. गॅसकटरवाला आलाच नव्हता त्या दिवशी. आदिनाथ आला, क्रेनवाल्याला म्हन्ला, उचल. राजू मधी गेला तर त्याला ढकललं. मी वरडले. मंग झालं ते झालं."

क्रेनवाला बिहारचा. तो दुसऱ्याच दिवशी गावी निघून गेला होता. राहिली एकटी द्वारकाबाई, आणि तिचा अंगठा तिच्याच विरोधात उमटला होता.

नुकसानभरपाई दोन्ही घरांना मिळाली, त्याची तक्रार नव्हती. पण शिवाजीचं घर आमच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडं. त्याचा मोठा भाऊ धर्मराज याच कारखान्यात रोलिंगला, तापलेलं लोखंड दाबून सळई काढतात तिथं. अहवाल त्यानंही ऐकला होता. पंधराव्या दिवशी त्यानं माझं दार लाथेनं पाडलं. माझी सून भावना भाकरी करत होती. त्यानं तिची परात बाहेर फेकली आणि मला गचांडी धरून भिंतीवर आपटलं.

"तुझ्या पोरानं माझा भाऊ भाजून खाल्ला, म्हाताऱ्या. हितं ऱ्हायचं न्हाई तुम्ही. सामान उचला."

"धर्मा, मी तुला सांगतो काय झालं ते—"

"कागद हाय का? सरकारी कागदात तुझ्या पोराचं नाव हाय. तुझ्याकडं काय हाय, दाखव."

माझ्याकडं काहीच नव्हतं. त्यानं जाता जाता माझ्या तोंडावर ठोसा मारला. पुढचे दोन दात मी हातात घेऊन बसलो होतो. भावना नळावर गेली की शिवाजीची आई केशरबाई तिच्या घागरीत थुंकायची. डिसेंबरात कुणीतरी भावनाच्या पाठीत दगड मारला. ती चार दिवस पालथी झोपली. पाचव्या दिवशी म्हणाली, "मामा, मी माहेरी जाते. राजूनं मारलं असतं ना कुणाला, तर मी ऐकून घेतलं असतं. हे ऐकून घेणं जमत न्हाई."

मी म्हणालो, "मार्चपर्यंत थांब." मार्चच का म्हणालो, मला माहीत नाही. काहीतरी महिना सांगायचा म्हणून सांगितला.

फेब्रुवारीत पुण्याच्या एका मोठ्या बांधकाम कंपनीचे लोक तपासणीला आले. त्यांना आमची सळई घ्यायची होती, पण अपघाताचं त्यांच्या कानावर होतं. त्यांनी मालकाला विचारलं, धोका दाखवणाऱ्या कामगाराचं तुम्ही कौतुक करता का? मालकानं घाईनं द्वारकाबाईच्या नावानं एक पत्र करून दाखवलं. 'आपल्या धैर्याबद्दल व निष्ठेबद्दल अभिनंदन.' तपासणीसानं ते परत केलं. म्हणाला, असली पत्रं प्रत्येक कारखान्यात छापील असतात. या बाईनं नेमकं काय केलं ते लिहा, नाहीतर ते कौतुक आम्ही धरणार नाही.

मालकानं ते काम तृप्ती मॅडमला दिलं. ही मुलगी जानेवारीत कामगार विभागात लागली होती. चौकशीचा अहवाल तिनं पाहिलाच नव्हता. त्याची प्रत मालकाच्या कपाटात होती. तिनं सरळ वही घेतली आणि भंगाराच्या ढिगावर द्वारकाबाईशेजारी जाऊन बसली.

"बाई, त्या दिवशी तुम्ही काय केलं, अगदी पहिल्यापासून सांगा."

"समदं सांगू?"

"सगळं. वेळेसकट."

चार महिने द्वारकाबाईला माझ्याशिवाय हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं सांगितलं. मुलीनं लिहून घेतलं, टाइप केलं, मालकाच्या सह्यांच्या गठ्ठ्यात ठेवलं. मालकानं वरवर बघून सही केली. तो वाईट माणूस नव्हता. त्याला आदिनाथनं जे सांगितलं तेच त्याला माहीत होतं, आणि त्याला हवं होतं पत्रात तपशील असणं. तपशील होता. आधीचा अहवाल आणि हे पत्र एकमेकांशेजारी कुणी ठेवलंच नाही.

चार मार्चला सुरक्षा दिन. सकाळी नऊला शेडपुढच्या पटांगणात मांडव घातला. दोनशे-सव्वादोनशे माणसं सतरंजीवर बसली. पुण्याचे दोन पाहुणे खुर्चीवर, शेजारी मालक, त्याच्या शेजारी आदिनाथ, इस्त्रीचा शर्ट घालून. मी मागं खांबाला टेकून उभा होतो. धर्मराज माझ्यापासून दहा हातांवर होता. मला पाहून तो बाजूला थुंकला.

द्वारकाबाईला पुढं बोलावलं. ती पदरानं हात झाकून उभी राहिली. तृप्ती मॅडमनं माइक घेतला आणि पत्र वाचायला सुरुवात केली.

"प्रति, श्रीमती द्वारकाबाई, भंगार विभाग. विषय: उल्लेखनीय कामगिरीबद्दल प्रशंसापत्र. गेल्या ऑक्टोबरमध्ये भट्टीवर झालेल्या दुर्घटनेच्या दिवशी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी आपण आलेल्या भंगारातून बंद तोंडाचे अकरा शॉकअप निवडून वेगळे काढले व त्यांवर चुन्याच्या फुल्या मारल्या. ते कापल्याशिवाय भट्टीत घेऊ नयेत, असे आपण चार्जर राजानंद यांना सांगितले. त्यांनी ते मान्य करून सदर माल घेण्यास नकार दिला. पर्यवेक्षकांनी तो माल क्रेनने उचलण्यास सांगितल्यावर आपण मोठ्याने ओरडून पुन्हा धोक्याची सूचना दिली—"

माइकची शीळ वाजली. मुलीनं मान वर केली, पुन्हा कागदावर नेली.

"—स्फोटानंतर आपण कंट्रोल पॅनलचे लाल बटण दाबून भट्टीचा वीजपुरवठा तोडला, त्यामुळे दुसरा स्फोट टळला. सुक्या वाळूने दोन सहकाऱ्यांच्या अंगावरील आग आपण विझवली व त्यांचे प्राण वाचवले. यात आपले दोन्ही हात भाजले. आपण दिलेल्या सूचनेसाठी व वाचवलेल्या दोन जिवांसाठी हे पत्र देत आहोत. याची प्रत आपल्या सेवा नोंदीत ठेवण्यात येत आहे."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. फक्त त्या दोघांनीच. बाकी माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत होती. मालकाचा चेहरा आधी लाल झाला, मंग पांढरा. माझ्या मुलाचं नाव माइकवरून आलं होतं. नकार दिला, असं आलं होतं. मालकाच्या सहीनं आलं होतं.

आदिनाथ उठला. हसत हसत द्वारकाबाईजवळ गेला.

"बाई, द्या ते. टायपिंगची चूक झालीय. बदलून देतो."

"ऱ्हाऊ दे चूक," ती म्हणाली. "मला अशीच पायजे."

"द्या म्हणतो ना."

"न्हाई."

त्यानं कागदाचं टोक धरलं. तिनं कागद पदराखाली छातीशी आवळला. त्यानं तिचं मनगट पिरगाळलं. भाजलेली, नुकती धरलेली कातडी त्याच्या बोटांखाली फाटली. ती किंचाळली, पण तिनं मूठ सोडली नाही. मंग त्यानं दोनशे माणसांसमोर तिच्या कानाखाली मारली. ती खुर्च्यांवर पडली. तो तिच्यावर वाकला आणि गुडघा तिच्या पोटावर देऊन मूठ उघडू लागला. तिनं त्याच्या हाताला चावा घेतला. त्यानं पुन्हा मारलं, या वेळी मुठीनं, नाकावर.

तोपर्यंत धर्मराज हलला नव्हता. तो अजून ते वाक्य मनात जुळवत होता, असं मला वाटतं. पर्यवेक्षकांनी उचलण्यास सांगितल्यावर. चार महिने तो रोज सकाळी या पर्यवेक्षकाला नमस्कार करत होता. मांडवाचा खांब रोवायला आणलेली सबल बाजूला पडली होती. ती त्यानं उचलली.

पहिला घाव आदिनाथच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला मागं ऐकू आला. दुसरा तोंडावर. दात आणि रक्त पाहुण्याच्या बुटांवर उडालं. पाहुणा खुर्चीसकट मागं पडला. माणसं उठली, पळाली, काही पुढं धावली आणि तिथंच थबकली, कारण सबल गोल फिरत होती. आदिनाथ कोपरावर सरपटत टेबलाखाली शिरला. धर्मराजनं टेबल एका हातानं उलटं केलं.

"उचल म्हन्ला व्हय? उचल म्हन्ला? घे, उचल आता!"

मी खरं सांगतो. मला आदिनाथ मेलेला हवा होता. माझ्या डोळ्यांपुढं तो बूट होता. सबल वर गेली तेव्हा माझ्या मनात आलं, पडू दे. डोक्यातच पडू दे.

पण मेलेला माणूस काही सांगत नाही. राजानंद मेला, तेव्हा वाट्टेल तो त्याच्याबद्दल वाट्टेल ते लिहून गेला. हाही मेला असता, तर उद्या लोक म्हणाले असते, बिचाऱ्याला मारलं, त्याला बोलूही दिलं नाही. त्या पत्रासमोर उत्तर द्यायला कुणी उरलंच नसतं.

मी मधे गेलो. सबल माझ्या उजव्या दंडावर आली. हात खाली लोंबकळला. दुखायला नंतर लागलं.

"हो बाजूला, म्हाताऱ्या!"

"धर्मा, दम धर. माझे दात पाडलेस, मी काही बोललो का? आता माझं एक ऐक. याला बोलू दे. समद्यांपुढं."

"हा काय बोलनार? खोटंच बोलंल!"

"बोलू दे. तू सबल धरून हाईस की."

धर्मराजनं सबलीचं टोक आदिनाथच्या गळ्याला लावलं. टोक गळ्यावर ओरखडे काढत होतं. मी डावा हात टेकून आदिनाथजवळ बसलो. त्याच्या तोंडातून फुगे येत होते.

"कुणी उचलायला सांगितले?" मी विचारलं.

"पोलीस..." तो म्हणाला. "पोलीस बोलवा..."

"बोलवतो. कुणी सांगितले?"

त्यानं मालकाकडं पाहिलं. मालक मांडवाच्या कडेला उभा होता, तृप्ती मॅडमचा दंड घट्ट धरून, जणू ती पळून जाणार होती. मालक म्हणाला, "सांग रे. मला काय सांगितलं होतंस, आणि हे काय आहे?"

"भट्टी अर्धीच भरल्ती," आदिनाथ म्हणाला. शब्द नीट येत नव्हते, पण कळत होते. "माल कमी होता. मी म्हटलं उचल. राजानंद आडवा आला. मी ढकललं त्याला. मला वाटलं नव्हतं... एवढं होईल असं वाटलं नव्हतं."

धर्मराजनं सबल टाकली आणि तो खाली बसून हमसून रडू लागला. गाडी येईपर्यंत तो हलला नाही. पोलिसांनी त्याला उठवून नेलं.

द्वारकाबाईचं नाक मोडलं होतं. पत्र तिच्या मुठीत होतं. बायकांनी बोटं एकेक करून उघडली तेव्हा त्यावर दोघांचं रक्त होतं, पण मधला मजकूर वाचता येत होता आणि सही शाबूत होती.

तीन दिवसांनी हात गळ्यात बांधून मी तिच्यासोबत कारखान्यांच्या सुरक्षेचं बघणाऱ्या सरकारी कार्यालयात गेलो. अधिकाऱ्यानं आम्हा दोघांकडं पाहिलं, माझ्या प्लास्टरकडं, तिच्या नाकावरच्या पट्टीकडं.

"काय तक्रार आहे?"

"तक्रार न्हाई साहेब," द्वारकाबाई म्हणाली. "माझं कौतुक झालंय. ते तेवढं वाचा."

त्यानं वाचलं. आपल्या कपाटातून जुना अहवाल काढला. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि ओळीला ओळ लावून पाहिली. मंग म्हणाला, "बाई, तुमचा जबाब पुन्हा घ्यावा लागेल. या वेळी आधी वाचून दाखवेन, मंग अंगठा." आमच्या प्रतीवर त्यानं शिक्का मारला. चौकशी पुन्हा उघडली. आदिनाथवर गुन्हा दाखल झाला. तो दवाखान्यातून थेट कोठडीत गेला. धर्मराजही आत होता, जीव घेण्याच्या प्रयत्नाच्या कलमाखाली. मी पोलिसांना सांगितलं की माझ्या हाताची माझी काही तक्रार नाही. ते म्हणाले, तुमच्या हाताचा प्रश्नच नाही, बाबा.

भावनानं तो कागद माझ्याकडून वाचून घेतला. पहिल्यांदा उभ्यानं ऐकला, मंग बसून. 'नकार दिला' इथं तिनं मला थांबवलं.

"मामा, त्यांच्या घरी चला."

"केशरबाईकडं? आत्ता नको. तिचा पोरगा आत हाय."

"आत्ताच."

केशरबाई ओट्यावर बसली होती. आम्हाला पाहून उठली नाही, थुंकलीही नाही. गल्लीतल्या बायका दारात आल्या. भावना तिच्यासमोर उभी राहिली आणि मला म्हणाली, "वाचा."

मी वाचलं. हळू वाचतो मी, पण अक्षर चुकत नाही. केशरबाई मान खाली घालून ऐकत होती. संपल्यावर तिनं विचारलं, "ह्यात माझ्या शिवाजीचं नाव कुठं हाय?"

मी कागद पुन्हा वरून खाली पाहिला. मला माहीत होतं, तरी पाहिला.

"न्हाई, बाई. ह्यात न्हाई."

"तुझ्या पोराचं नाव स्वच्छ झालं," ती म्हणाली. "माझा एक जळाला. दुसरा ह्या कागदापायी आत गेला. मी काय वाचून घेऊ?"

भावनाला जे बोलायचं होतं ते तिनं चार महिने मनात जमवून ठेवलं होतं. तो दगड, ती घागर, सगळं. मी वाट बघत होतो. ती ओट्यावर केशरबाईच्या शेजारी बसली, मधे हातभर जागा ठेवून.

"दोघं एका डब्यात जेवायचे," ती म्हणाली. "भाजी माझी असायची. भाकरी तुमची."

केशरबाईनं तिच्याकडं पाहिलं. मंग आत वळून सुनेला म्हणाली, "दोन कप चहा टाक. म्हाताऱ्याला बी दे."

"तीन होतील मंग," आतून आवाज आला.

"मला नको," केशरबाई म्हणाली. "दोनच."